दट्ट्या दाबला, रंग गडद झाला: NO₂ आणि N₂O₄ च्या मिश्रणाची दिशा Q वरून ठरवताना

रासायनिक समतोल शिकवताना हा प्रयोग हमखास दाखवला जातो. काचेच्या सिरिंजमध्ये तपकिरी वायू भरलेला असतो, टोक बंद असतं आणि दट्ट्या झटकन दाबला जातो. रंग एकदम गडद होतो आणि मग दोन-तीन सेकंदांत थोडा फिका पडतो. याचं स्पष्टीकरण ठरलेलं आहे: दाबल्यामुळे NO₂ ची संहती वाढली म्हणून रंग गडद झाला, मग अभिक्रिया N₂O₄ कडे सरकली म्हणून फिका झाला. या स्पष्टीकरणाचा शेवट बरोबर आहे, पण मधला भाग आकडे मांडले की टिकत नाही. कुठे टिकत नाही हे अभिक्रिया भागफलातून, म्हणजे Q मधून दिसतं. म्हणून हे एकच प्रकरण इथे पूर्ण सोडवलं आहे.

अभिक्रिया अशी:

N₂O₄ ⇌ 2NO₂

N₂O₄ रंगहीन असतो, NO₂ तपकिरी. डावीकडून उजवीकडे जाताना उष्णता शोषली जाते, एका मोलमागे सुमारे ५७.२ किलोज्यूल. २५ °से. ला समतोल स्थिरांक K = ०.१४८ घेतला आहे. प्रमाणित मुक्त ऊर्जेतला फरक सुमारे ४.७३ किलोज्यूल प्रति मोल येतो, त्यावरून हा आकडा निघतो. तो आंशिक दाब बारमध्ये घेतल्यावरचा आहे आणि वर लिहिलेल्या समीकरणासाठीच आहे. या दोन अटी पुढे महत्त्वाच्या ठरतात.

सिरिंजमध्ये नेमकं काय आहे

सिरिंजमध्ये निव्वळ NO₂–N₂O₄ भरण्याचा मोह टाळावा. N₂O₄ चा उत्कलनबिंदू २१ °से. च्या आसपास आहे. म्हणजे २५ °से. ला त्याच्या द्रवावरचा बाष्पदाब जेमतेम १.२ बार असतो. १ बारला भरलेला शुद्ध वायू निम्म्यावर दाबला तर दाब दोन बारकडे निघतो, आणि वाटेतच भिंतीवर द्रवाचे थेंब जमू लागतात. द्रव जमला की खालचा सगळा हिशेब मोडतो, कारण आता वायूतलं N₂O₄ अभिक्रियेमुळे कमी झालं की द्रव होऊन कमी झालं ते वेगळं काढता येत नाही. म्हणून अर्धा वायू नायट्रोजन ठेवला आहे.

सुरुवातीची स्थिती: आकारमान ५० मिली, तापमान २५ °से., एकूण दाब १.०० बार. त्यातला नायट्रोजनचा आंशिक दाब ०.५०० बार, आणि NO₂ व N₂O₄ यांचा मिळून ०.५०० बार. भरताना एक गंमत होते. २५ मिली नायट्रोजन आणि २५ मिली तपकिरी वायू घेतले तर ५० मिली होत नाहीत, जास्त होतात. बरोबर ५० मिली हवे असतील तर १ बारचा तपकिरी वायू २३.५ मिली घ्यावा लागतो. उरलेले दीड मिली कुठून आले? मिसळल्याबरोबर दोन्ही आंशिक दाब ४८.५ मिलीत पसरून कमी झाले, NO₂ चा ०.३१८ वरून ०.१५४ वर आणि N₂O₄ चा ०.६८२ वरून ०.३३० वर. Q, म्हणजे NO₂ च्या आंशिक दाबाचा वर्ग भागिले N₂O₄ चा आंशिक दाब, झाला ०.०७२: K च्या निम्म्याहून किंचित कमी. Q लहान म्हणून अभिक्रिया उजवीकडे गेली, N₂O₄ च्या एका रेणूचे दोन झाले आणि दट्ट्या आपणहून मागे सरकला. निष्क्रिय वायू घातल्याने समतोल हलत नाही असं पाठ केलेल्यांनी इथे थांबावं. बंद, ठरावीक आकारमानाच्या भांड्यात ते खरं आहे. दट्ट्या मोकळा असेल आणि दाब स्थिर असेल तर खरं नाही.

सिरिंज कोरडी हवी, नाहीतर ओलाव्याशी NO₂ चं आम्ल होतं आणि हिशेबातला वायू गळत जातो. रबरी टोकाच्या प्लास्टिक सिरिंजचं रबर हा वायू खातो, म्हणून काचेची सिरिंज. काम धूर-कपाटातच (फ्यूम हूडमध्ये) करायचं. NO₂ विषारी आहे आणि फसवा आहे: श्वासातून गेल्यावर फुप्फुसात पाणी होण्याची लक्षणं काही तासांनी दिसू शकतात, त्यामुळे 'आत्ता काही झालं नाही' या म्हणण्याला अर्थ नसतो.

सुरुवातीचे आकडे आणि पहिली पडताळणी

NO₂ चा आंशिक दाब x धरला तर N₂O₄ चा ०.५०० − x. समतोलाची अट:

x² ÷ (०.५०० − x) = ०.१४८

वर्गसमीकरण सोडवलं की x = ०.२०८ बार. म्हणून NO₂ ०.२०८, N₂O₄ ०.२९२, नायट्रोजन ०.५००. हे आकडे परत सूत्रात घालून पाहावेत: ०.२०८ चा वर्ग ०.०४३३, भागिले ०.२९२, उत्तर ०.१४८. ही उलटी तपासणी एका ओळीची आहे आणि ती न करता पुढे गेलं की चूक शेवटपर्यंत सोबत येते.

नायट्रोजन सूत्रात कुठेच आला नाही हे लक्षात घ्या. त्याचा आंशिक दाब Q मध्ये जात नाही. पण दाबमापक एकूण दाब दाखवतो, आणि ०.२९२ च्या जागी 'एकूण १.०० मधून NO₂ वजा' करून ०.७९२ लिहिलेलं वहीत सर्रास सापडतं. मग Q येतो ०.०५५ आणि समतोलात असलेलं मिश्रण असमतोल वाटू लागतं.

दट्ट्या २५ मिलीवर

आता आकारमान निम्मं केलं. Q काढण्यासाठी एक कल्पित क्षण मानायचा: आकारमान बदललं आहे, तापमान २५ °से. च आहे, पण एकाही रेणूने अजून अभिक्रिया केलेली नाही. या क्षणाला मिश्रण 'गोठवलेलं' म्हणू या. आंशिक दाब सरळ दुप्पट होतात: NO₂ ०.४१६, N₂O₄ ०.५८४, नायट्रोजन १.०००.

Q = (०.४१६)² ÷ ०.५८४ = ०.२९६

हा K च्या बरोबर दुप्पट आहे, आणि तो योगायोग नाही. वर NO₂ चा वर्ग आहे म्हणून अंश चौपट झाला, छेद दुप्पट झाला. आकारमान निम्मं केलं की या अभिक्रियेत Q नेहमीच दुप्पट होणार, सुरुवातीचे आकडे काहीही असोत. आकारमान १०० मिली केलं असतं तर Q निम्मा, ०.०७४, झाला असता आणि मिश्रण उलट दिशेला गेलं असतं.

Q हा K पेक्षा मोठा आहे, म्हणजे समीकरणाच्या उजव्या बाजूचा पदार्थ समतोलाला हवा त्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा अभिक्रिया डावीकडे जाईल, NO₂ जोड्या जमवून N₂O₄ होईल. किती? N₂O₄ चा दाब y ने वाढला तर NO₂ चा 2y ने घटेल:

(०.४१६ − 2y)² = ०.१४८ × (०.५८४ + y)

y = ०.०५४. शेवटी NO₂ ०.३०७ बार, N₂O₄ ०.६३८ बार. तपासणी: ०.३०७ चा वर्ग ०.०९४२, भागिले ०.६३८, पुन्हा ०.१४८. वर्गसमीकरणाला दुसरंही उत्तर आहे, ०.३९९, पण त्याने NO₂ चा दाब ऋण होतो. ते टाकून द्यायचं.

आता डोळ्याला काय दिसेल? बाजूने पाहिलं तर प्रकाश सिरिंजच्या जाडीतून जातो आणि ती जाडी बदललेली नाही. रंगाची गडदता NO₂ च्या संहतीवर ठरेल, म्हणजे ०.२०८ वरून ०.३०७, जवळजवळ दीडपट. समतोल N₂O₄ कडे सरकूनही सिरिंज सुरुवातीपेक्षा गडदच राहते. 'समतोल N₂O₄ कडे गेला, म्हणजे रंग आधीपेक्षा फिका होणार' असं लिहिणारा इथे चुकतो: सरकण्याने वाढ कमी होते, पुसली जात नाही.

पण त्याच सिरिंजकडे लांबीच्या दिशेने, टोकाकडून दट्ट्याकडे पाहिलं तर चित्र वेगळं आहे. आता प्रकाशाची वाटही निम्मी झाली. गडदता संहती गुणिले लांबी यावर ठरते, म्हणजे वाटेतल्या NO₂ रेणूंच्या संख्येवर: ०.३०७ × २५ विरुद्ध ०.२०८ × ५०. सुमारे ७४ टक्के उरली. अभिक्रिया झालीच नसती तर या दिशेने रंगात काहीच फरक पडला नसता, कारण रेणू तेवढेच. म्हणून Q ने सांगितलेली दिशा डोळ्याने तपासायची असेल तर सिरिंज अशी उभी धरून, दट्ट्याच्या तळाशी पांढरा कागद चिकटवून, लांबीच्या दिशेनेच पाहायला हवं. बाजूने पाहून संहतीचा परिणाम आणि अभिक्रियेचा परिणाम वेगळे होत नाहीत.

मग तो सेकंदभराचा गडद रंग कशाचा?

नेहमीच्या स्पष्टीकरणाला खरा तडा इथे जातो. त्या स्पष्टीकरणात गडद रंग म्हणजे वरचं गोठवलेलं मिश्रण, NO₂ ०.४१६ बारवर असलेलं, आणि फिकं होणं म्हणजे अभिक्रिया चालू असलेली आपल्याला दिसणं. पण N₂O₄ चं तुटणं आणि जुळणं साध्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला मायक्रोसेकंदांच्या घरात पूर्ण होतं. हाताने दट्ट्या दाबायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. म्हणजे अभिक्रियेच्या दृष्टीने आपण दट्ट्या अतिशय हळू सरकवतो, आणि मिश्रण प्रत्येक क्षणी समतोलातच असतं. गोठवलेलं मिश्रण सिरिंजमध्ये कधी अस्तित्वातच आलेलं नसतं. दोन-तीन सेकंद चालणारा बदल मायक्रोसेकंदांच्या अभिक्रियेचा असू शकत नाही.

सेकंदांत काय घडतं? तापमान. वायू झटकन दाबला की तापतो आणि मग काचेला उष्णता देत थंड होतो. आणि तापमान बदललं की तुलनेचा K च बदलतो. किती, ते ५७.२ किलोज्यूलवरून काढता येतं: २५ °से. जवळ दर अंशाला K सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. साध्या खोलीतल्या तापमानाच्या चढउतारानेही या अभिक्रियेचा निकाल हलू शकतो तो याचमुळे. २५ °से. समजून काम केलं आणि खरं तापमान २८ °से. असेल तर K चा आकडा सुमारे २५ टक्क्यांनी चुकलेला असतो.

आता Q ०.२९६ ची तुलना पुन्हा करून पाहू, पण गरम वायूशी. K दुप्पट व्हायला साधारण नऊ अंशांची वाढ पुरते. वायू तापल्याने गोठवलेले आंशिक दाब आणि म्हणून Q सुद्धा थोडे वाढतात, ते धरलं तर सुमारे दहा अंशांच्या वाढीला Q आणि K बरोबरीत येतात. म्हणजे दाबताना वायू दहा अंशांनी तापला तर गोठवलेल्या मिश्रणाला कुठेच जायचं कारण उरत नाही. दहापेक्षा जास्त तापला तर दिशा चक्क उलटते.

तो किती तापतो? काचेतून उष्णता अजिबात निसटली नाही असं धरून, आणि अभिक्रियेची उष्णता हिशेबात घेऊन, या मिश्रणासाठी वाढ येते साधारण १६ अंश. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात काच लगेच उष्णता ओढू लागते, त्यामुळे वाढ कमी असणार. पण मर्यादेवरचे आकडे पाहण्यासारखे आहेत. ४१ °से. ला K सुमारे ०.४८. गोठवलेल्या मिश्रणाचा Q, तापलेल्या दाबांसह, ०.३१. आता Q लहान आहे! म्हणजे अभिक्रिया उजवीकडे, NO₂ कडे जाणार. हिशेब पूर्ण केला तर NO₂ च्या रेणूंची संख्या दाबण्याआधीपेक्षा २० टक्क्यांनी वाढते. बाजूने पाहणाऱ्याला रंग मूळच्या २.४ पट गडद दिसेल, नुसत्या दाबण्याने झालेल्या दुप्पटीपेक्षाही जास्त. मग वायू थंड होत २५ °से. वर येतो, K उतरतो, मिश्रण K च्या मागे मागे N₂O₄ कडे जातं आणि गडदता दीडपटीवर स्थिरावते. डोळ्याला दिसलेलं 'गडद, मग फिकं' ते हेच.

विशेष म्हणजे जुन्या स्पष्टीकरणाचं शेवटचं उत्तर तरीही बरोबर येतं: २५ °से. ला परत आल्यावर मिश्रण N₂O₄ कडे सरकलेलं असतं. Q आणि K यांची तुलना सुरुवात आणि शेवट एकाच तापमानाला असतील तर शेवटाबद्दल खात्रीने बोलते. मधल्या वाटेबद्दल आणि वेळेबद्दल ती काहीच सांगत नाही. वाटेबद्दल बोलायचं असेल तर त्या त्या क्षणाच्या तापमानाचा K घ्यावा लागतो.

वायू तापू दिला नाही तर काय दिसतं ते पाहायची सोपी युक्ती आहे. एकदा दट्ट्या झटकन दाबा, दुसऱ्यांदा अर्ध्या मिनिटात सावकाश दाबा, सिरिंज २५ °से. च्या पाण्यात बुडवून. सावकाश दाबताना गडद होऊन फिकं होणं जवळपास दिसतच नाही. बाजूने पाहिलं तर रंग सुरुवातीपासून दीडपटीपर्यंत संथपणे चढतो आणि तिथेच राहतो. मात्र एवढ्यावरून मंद अभिक्रियेची शक्यता बाद होत नाही: अभिक्रियेला दोन-तीन सेकंद लागत असते तरी अर्ध्या मिनिटात ती दट्ट्याच्या सोबतच चालली असती. ती शक्यता बाद होते मायक्रोसेकंदांच्या वेगामुळे.

दिशा उलटी निघते तेव्हा चूक कुठे असते

या प्रकरणात चुकीचं उत्तर देणाऱ्या चुका बऱ्याच आहेत, पण दोन खरोखर घातक. बाकीच्या लगेच पकडता येतात.

पहिली, Q मध्ये मोल घालणं. दट्ट्या दाबण्याआधी आणि दाबल्यावर गोठवलेल्या मिश्रणातले मोल तेच आहेत. मोलच्या आकड्यांनी Q काढला तर तो बदलणारच नाही, आणि उत्तर येईल 'समतोल हलला नाही'. मोल अपूर्णांकाने काढला तरी तेच, कारण अपूर्णांकही बदललेले नाहीत. दोन्ही बाजूंना वायूचे मोल सारखे असलेल्या अभिक्रियेत, जसं H₂ + I₂ ⇌ 2HI, ही चूक लपून राहते: आकारमान अंशातही दोनदा येतं, छेदातही दोनदा, आणि कटतं. सगळी सवय अशा उदाहरणांवर झालेल्या माणसाला इथे आकारमान का लागतं हे चटकन उमगत नाही. मोल दिले असतील तर प्रत्येकी RT ÷ V ने गुणून आंशिक दाब करायचा, मगच सूत्रात जायचं.

दुसरी, Q आणि K वेगवेगळ्या मापात असणं. आपला K बारमधल्या दाबांवरचा आहे, ०.१४८. संहती मोल प्रति लिटरमध्ये घेतल्या तर तोच समतोल ०.००५९७ या आकड्याने सांगितला जातो. समजा दट्ट्या दाबल्यानंतरचा Q कुणी संहतीवरून काढला: ०.०१२. आणि तुलना केली ०.१४८ शी. Q लहान, म्हणून अभिक्रिया NO₂ कडे, असं चुकीचं उत्तर. ०.०१२ ची तुलना ०.००५९७ शी केली असती तर पुन्हा दुप्पट आणि बरोबर दिशा. किलोपास्कलची फसवणूक याहून चोरटी. आंशिक दाब किलोपास्कलमध्ये ४१.६ आणि ५८.४ होतात, तेच घातले तर Q येतो २९.६. K पेक्षा प्रचंड मोठा, म्हणून दिशा N₂O₄, आणि उत्तर योगायोगाने बरोबर! मग दट्ट्या १०० मिलीवर ओढल्यावर तीच पद्धत वापरली जाते, Q येतो ७.४, पुन्हा मोठा, पुन्हा N₂O₄, आणि आता उत्तर चूक. एकदा बरोबर आलेल्या उत्तराने पद्धत बरोबर ठरत नाही, म्हणून मिश्रण दाबूनही तपासा आणि ओढूनही.

समीकरण निम्मं करून लिहिण्याचाही एक सापळा आहे. ½N₂O₄ ⇌ NO₂ असं लिहिलं तर K होतो ०.१४८ चं वर्गमूळ, ०.३८५. त्याच्याशी जुळणारा Q ०.५४४, म्हणजे तुलना ठीक. पण तक्त्यातला ०.३८५ घेऊन त्याच्याशी आपला ०.२९६ ताडला तर दिशा उलटते. K घेताना त्याच्या शेजारी कोणतं समीकरण छापलं आहे ते आधी वाचायचं.

Q आणि K जवळ असले तर मात्र कुठल्याही चुकीशिवायही निकाल देता येत नाही. NO₂ चा वर्ग असल्यामुळे त्याच्या मोजणीतली ५ टक्के चूक Q मध्ये १० टक्के होते. त्यात एका अंशाची तापमानातली चूक K मध्ये ८ टक्के. म्हणून Q ÷ K ०.८ ते १.२ मध्ये असेल तर 'दिशा ठरवता येत नाही' असंच लिहावं. आपल्या प्रकरणात हे गुणोत्तर २ आहे, म्हणून निर्धास्त.

दाबमापकावर काय दिसायला हवं

रंगावर विसंबायचं नसेल तर दाब मोजता येतो. अभिक्रिया झालीच नसती तर २५ मिलीवर एकूण दाब २.००० बार असता. N₂O₄ होताना रेणूंची संख्या घटते, त्यामुळे २५ °से. ला स्थिरावल्यावर दाब असेल ०.३०७ + ०.६३८ + १.००० = १.९४६ बार (शेवटच्या अंकातला फरक पूर्णांकनाचा). फरक ०.०५४ बारचा.

हा फरक दिसायला सोपा वाटतो, पण सिरिंजच्या खुणेवर २५ ऐवजी २५.५ मिली वाचलं गेलं तर दाबात सुमारे ०.०४ बारचा फरक पडतो. म्हणजे खूण वाचण्यातली अर्ध्या मिलीची चूक आपण शोधत असलेला बदल जवळजवळ झाकून टाकते. म्हणून दट्ट्याला एक अडसर लावतात, तो प्रत्येक वेळी नेमका तिथेच थांबेल असा, आणि आधी सिरिंजमध्ये ५० मिली निव्वळ नायट्रोजन १.०० बारला भरून तीच हालचाल करतात. त्यावर दाबमापक जे दाखवेल तो आपला शून्य. मग मिश्रण भरून तेच करायचं, आणि दोन आकड्यांमधला फरक घ्यायचा.

गळती हाही दाब कमी दाखवणारा उमेदवार आहे, आणि पहिल्या नजरेला तो अगदी अभिक्रियेसारखाच दिसतो. वेगळा करायचा तर दट्ट्या परत ५० मिलीवर आणून पाच मिनिटं थांबायचं. अभिक्रिया उलटते, N₂O₄ पुन्हा तुटतं आणि दाब १.०० बारवर परततो. ०.९८ वर थांबला तर वायू निसटलेला आहे, आणि तो दिवस सांधा घट्ट करण्यात घालवावा लागतो.